गणपतीचं कन्फर्म तिकीट अनोळखी माणसाकडून: पीएनआर तर खरा निघाला, पैसे पाठवू का?

स्नेहल_डोंबिवली

मदत हवी आहे, जरा घाईत लिहितेय.

आई, बाबा आणि मी असे तिघं गणपतीला कणकवलीला जाणार. बुकिंग उघडलं त्या दिवशी सकाळी 8 वाजता मोबाईल घेऊन बसले होते. बुकिंगच्या पानावर चाक फिरत राहिलं आणि परत आले तोवर वेटिंग. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे जनरलचा विचारच करता येत नाही.

काल आमच्या पंचक्रोशीच्या फेसबुक ग्रुपवर एकाची पोस्ट दिसली. तुतारी एक्स्प्रेस, दादर ते कणकवली, स्लीपर, तीन बर्थ, कन्फर्म. त्याच्या घरात सुतक आलंय, यंदा त्यांचा गणपती नाही, म्हणून तिकीट द्यायचं आहे म्हणतो. माणशी 1,100 मागतोय. खिडकीवर हेच तिकीट चारशेच्या आसपास आहे, पण या दिवसांत तेवढं वर द्यायला मी तयार आहे. निम्मे आत्ता यूपीआयने, निम्मे तिकीट मिळाल्यावर.

त्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबले नाही. पीएनआर मागून घेतला आणि स्वतः indianrail.gov.in वर टाकला. गाडी बरोबर, तिन्ही CNF, S4 मध्ये 33, 34, 36. म्हणजे दोन खालचे बर्थ. बाबांसाठी अगदी हवे तसे.

संध्याकाळपर्यंत सांगा म्हणतो, अजून दोघं मागे लागलेत. पीएनआर खरा आहे म्हणजे पैसे पाठवायला हरकत नाही ना?

कुडाळचा_नितीन

पीएनआर खरा आहे ना, मग तिकीट खरं. घेऊन टाका. या दिवसांत असं तिकीट पुन्हा मिळणार नाही.

नावाची काळजी करत असाल तर सांगतो, एका तिकिटावर तिघं असले तर टीसी एकाचंच ओळखपत्र बघतो. नियमच तसा आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी मामाच्या तिकिटावर चौघं गेलो होतो. मामा सोबत होता, त्याने आधार दाखवलं, बाकी कोणाला काही विचारलं नाही.

वानखेडे_वारी

माझा अनुभव सांगतो. वानखेडेवरच्या सामन्याची दोन तिकिटं एका ग्रुपवरून घेतली होती. समोरच्याने व्हिडिओ कॉल करून तिकीट दाखवलं, आसन क्रमांक दाखवला, सगळं चोख. गेटवर बारकोड लावला तर लाल दिवा, ‘आधीच आत गेलंय’. तिथेच बाजूला अजून तिघं उभे होते, त्यांच्याही मोबाईलवर हाच स्टँड, हीच रांग, हेच नंबर. एकाच तिकिटाचा फोटो त्याने निदान पाच जणांना विकला होता.

तेव्हा स्नेहलताई, व्हिडिओ कॉलवर जाऊ नका. त्याला सांगा, तिकीट अॅपमधून माझ्या नंबरवर ट्रान्सफर कर, मगच पैसे. अॅपमधून खरंखुरं ट्रान्सफर झालं तर जुना कोड बाद होतो.

अण्णा_निवृत्त_टीसी

स्नेहलताई, आधी एवढंच: पैसे पाठवू नका. कारण सविस्तर सांगतो, कारण तुम्ही पीएनआर स्वतः तपासलात हे बरोबर केलंत, आणि तरीही फसण्याची जागा नेमकी तिथेच आहे.

पीएनआर टाकल्यावर तुम्हाला काय दिसलं ते पुन्हा उघडून बघा. गाडी, तारीख, डबा, बर्थ आणि ‘प्रवासी 1, प्रवासी 2, प्रवासी 3’. नावं कुठेच नाहीत. ती तिथे कधीच दिसत नाहीत. म्हणजे तिकीट अस्तित्वात आहे एवढंच तुम्हाला कळलं. ते कोणाच्या नावावर आहे हे कळलं नाही. आणि ते उद्या असेल की नाही, हेही कळलं नाही.

आता त्याच्या बाजूने हिशोब मांडू. तिघांचं तिकीट त्याला साधारण 1,200 ला पडलं. तुमच्याकडून आगाऊ निम्मे घेतले तर 1,650. रात्री तेच तिकीट रद्द केलं. गाडीला बरेच दिवस असताना स्लीपरच्या कन्फर्म तिकिटावर माणशी 120 कापतात, म्हणजे 360. उरलेले 840 ज्या खात्यातून बुकिंग झालं तिथे परत. त्याचे गेले 360, आले 1,650. आणि हाच पीएनआर त्या ‘मागे लागलेल्या दोघांनाही’ दिला असेल तर 4,950. तिघांनीही स्वतः तपासून खात्री केलेली असते, कारण तपासाच्या क्षणी तिकीट खरंच असतं. बनावट तिकीट छापण्याची त्याला गरजच पडत नाही.

नितीन, तुझं अर्धं बरोबर आहे. ई-तिकिटावर एका प्रवाशाने मूळ ओळखपत्र दाखवलं की चालतं, पण तो एक जण तिकिटावर नाव असलेला हवा. तुमच्याबरोबर मामा होता. स्नेहलताईंबरोबर कोण असणार? तिघांपैकी एकाचंही नाव तिकिटावर नाही. टीसीच्या हातातल्या मशीनवर प्रत्येक बर्थपुढे नाव, वय, स्त्री की पुरुष हे येतं. 33 नंबरला 28 वर्षांचा मुलगा लिहिलाय आणि समोर 66 वर्षांचे गृहस्थ बसलेत, हे कळायला ओळखपत्रही लागत नाही.

वारीवाले, तुमचं दुःख खरं आहे, पण रेल्वेला तो उपाय लागू नाही. बहुतेक सामन्यांच्या तिकिटावर माणूस बदलला तरी गेटवरच्या मशीनला फरक पडत नाही, पहिला कोड आत जातो. रेल्वेचं तिकीट मुळात त्या माणसाचं असतं. ते अनोळखी माणसाच्या नावावर करून देणारं बटण ना अॅपमध्ये आहे ना खिडकीवर.

नाव बदलता येतं, पण कोणाच्या नावावर? आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. एवढेच. गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज, दोघांची ओळखपत्रं आणि नात्याचा पुरावा, तेही एकदाच. विद्यार्थ्यांच्या सहली, लग्नाचं वऱ्हाड वगैरेंसाठी वेगळी तरतूद आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून त्याला एकच प्रश्न विचारा: तिकिटावरची तीन नावं आणि वयं काय आहेत, आणि आमची नावं त्यावर कशी येणार? काय उत्तर येतं ते इथे लिहा.

स्नेहल_डोंबिवली

अण्णा, विचारलं. व्हॉट्सअॅपवरचं जसंच्या तसं देते:

मी: दादा, तिकिटावर नावं कोणाची आहेत?
तो: नाव बदलून मिळेल ताई, आपला माणूस आहे आत.
मी: आत म्हणजे कुठे? बदलायला नातं दाखवावं लागतं ना?
तो: ते सर्व आपण करतो. तुम्ही फक्त आधारचा फोटो टाका तिघांचा आणि 1,650.
मी: आधी नाव बदलून द्या, मग पूर्ण 3,300 एकदम देते.
तो: तसं होत नाही ताई. आतल्याला पण द्यावे लागतात. 6 वाजता मी दुसऱ्याला देणार.

आधारचे फोटो पाठवलेले नाहीत. पण खरं सांगू, अजूनही मन डळमळतंय. त्याच्या प्रोफाइलवर गावच्या देवळाचे फोटो आहेत, आमच्या ओळखीचे चारजण त्याच्या मित्रयादीत आहेत.

मेधा_पनवेल

स्नेहल, मी मागच्या वर्षी याच वाटेने गेले आहे. माझाही पीएनआर खरा होता. माझ्याही विक्रेत्याच्या यादीत ओळखीचे लोक होते. नंतर त्यांना विचारलं तर कोणीच त्याला ओळखत नव्हतं, गावचं आडनाव दिसलं म्हणून विनंती स्वीकारली होती. चौघांपैकी एकाला तरी आत्ता फोन कर आणि विचार, ‘हा कोणाचा कोण?’

मी 2,400 पाठवले. पैसे गेल्यावर दोन दिवस तो छान बोलत होता, ‘चार्ट लागेपर्यंत धीर धरा’ म्हणत होता. मी रोज पीएनआर बघायचे. तिसऱ्या दिवशी CNF च्या जागी CAN/MOD आलं, म्हणजे तिकीट रद्द. आधी वाटलं वेबसाइटला काहीतरी झालंय. मग त्याच्या नंबरवरचा फोटो गेलेला दिसला, तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

ते दोन दिवस मला सगळ्यात जास्त महागात पडले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न ‘पैसे कधी गेले?’ असा होता. पैसे पुढच्या खात्यांत जायच्या आत तक्रार झाली तर ती रक्कम अडवून धरता येते. माझी पुढे निघून गेली होती. यूपीआयच्या पावतीवरचा 12 आकडी यूटीआर नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅट एवढं हाताशी ठेवलं तर फोनवर पाच मिनिटांत नोंद होते. cybercrime.gov.in वरही करता येते. माझे पैसे आजवर परत आलेले नाहीत.

आधारचा फोटो पाठवला नाहीस हे फार चांगलं केलंस. मी पाठवला होता, आणि ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

अण्णा_निवृत्त_टीसी

मेधाताई, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत, आभार.

त्या चॅटमधली एक ओळ सगळ्यांनी पुन्हा वाचा. ‘आधी नाव बदला, मग पूर्ण पैसे’ याला तो नाही म्हणाला. आतला माणूस खरंच असता तर त्याला पूर्ण 3,300 एकदम मिळत होते. नाही म्हणायचं कारणच नव्हतं.

आधारचे फोटो कशाला मागतात हेही सांगतो. कधी नुसतेच गोळा करायला. कधी त्या फोटोवरून तिकिटावरच्या नावाचं खोटं आधार तयार करायला. फोटो तुमचा, नाव दुसऱ्याचं. चिपळूणच्या अलीकडे मी असा एक मुलगा पकडला होता. आधारची लॅमिनेट केलेली रंगीत प्रत. नावाची ओळ बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड, आणि कार्डावर इंग्रजी नाव एक तर मराठी नाव वेगळंच. बदलणारा मराठी ओळ विसरला होता. मी जन्मतारीख विचारली तर त्याने खरी सांगितली, कार्डावर दुसरीच. मुलगा रडायला लागला. पहिल्यांदा नोकरीतून सुट्टी मिळून घरी चालला होता आणि तिकिटाचे तिप्पट पैसे दिले होते. त्याच्याकडून गाडीचं भाडं आणि वर तेवढाच दंड घ्यावा लागला (हा दंड किमान 250 असतोच). खोट्या ओळखपत्राचं प्रकरण मात्र त्याहून कितीतरी गंभीर असतं, तिथे रेल्वेचा नव्हे, फौजदारी कायदा लागतो.

स्नेहलताई, अजून एक. तारीख किती दिसतेय?

स्नेहल_डोंबिवली

11 तारीख, शुक्रवार. तो म्हणाला शुक्रवारी रात्रीची गाडी. आम्हाला शुक्रवारी रात्रीच निघायचंय.

अण्णा_निवृत्त_टीसी

तुतारी दादरहून 00:05 ला सुटते. म्हणजे 11 तारखेचं तिकीट गुरुवारी रात्री घरातून निघायचं. शुक्रवारी रात्री तुम्ही दादरला पोचला असतात तेव्हा तुमची गाडी त्याच दिवशी दुपारीच सावंतवाडीला पोचलेली असती. शुक्रवार रात्रीसाठी तिकिटावर 12 हवी.

ही चूक खरे प्रवासीही करतात, माझ्या नोकरीत दर गणपतीला एखादं कुटुंब बॅगा घेऊन चुकीच्या रात्री यायचं. पण ज्याला खरंच त्या गाडीने जायचं होतं, त्याला आपण कोणत्या रात्री निघणार होतो हे माहीत असतं.

तुषार_क्यूआर

तिकिटावर क्यूआर कोड असतो ना? त्याचा स्पष्ट फोटो मागवा. मी माझ्या तिकिटावरचा साध्या स्कॅनरने वाचून पाहिला होता, नाव, वय, पीएनआर सगळं मजकुरात आलं. म्हणजे नावं तपासायचा मार्ग आहे की.

अण्णा_निवृत्त_टीसी

नाव वाचायला उपयोग होईल, खात्रीला नाही. त्यातला मजकूर तुम्हाला वाचता येतो तसा दुसऱ्याला लिहिताही येतो. ‘स्नेहल, 31, स्त्री’ असा मजकूर घालून कोड बनवायला मोबाईलवर दोन मिनिटं लागतात. टीसी आपल्या यादीशी ताडून बघतो, तुमच्याकडे ती यादी नाही.

आणि समजा नावं खरी कळली, तरी ती तुमची नसणारच. मग पुढे काय?

गिरगाव_दादा

अण्णा, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण एक बाजू राहतेय. सगळेच चोर नसतात. आमच्या चाळीत गेल्या वर्षी एका कुटुंबात ऐनवेळी आजारपण आलं. त्यांची चार तिकिटं शेजारच्यांनी घेतली, जेवढ्याला तेवढी, एक रुपया वर नाही. रद्द केली असती तर त्यांचे पैसे कापले गेले असते आणि शेजारी मुंबईत अडकले असते. यात कोणाचं नुकसान झालं?

अण्णा_निवृत्त_टीसी

दादा, भावना समजते. पण 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 142 नफा झाला की नाही हे विचारत नाही. आरक्षित तिकीट दुसऱ्याला विकलं की विकणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घेणारा त्यावर प्रवास करताना सापडला तर तिकीट जप्त आणि त्याला विनातिकीट धरतात. धंदा म्हणून करणाऱ्यासाठी कलम 143, तीन वर्षांपर्यंत. स्वतःच्या खात्यावरून ई-तिकिटं काढून विकणाऱ्यालाही 143 लागू होतं, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलंय.

आणि नुकसान कोणाचं म्हणता, तर वेटिंगच्या यादीतल्या पुढच्या माणसाचं. तुमच्या शेजाऱ्यांनी रद्द केली असती तर ते चार बर्थ त्यांना मिळाले असते. तेही कोणाच्या तरी गणपतीलाच चालले होते.

गिरगाव_दादा

वेटिंगवाल्याचं मान्य. पण खिडकीवर रांग लावून, रात्र काढून मिळवलेलं तिकीट शेजारधर्माने दिलं तर त्याला दलालाच्या पंक्तीत बसवायचं हे मला पटत नाही. नाव बदलायच्या यादीत सख्खी नाती आहेत, पण वहिनी नाही, सून नाही, मामा नाही. कोकणात गणपतीला घर कोणावर चालतं ते बघा. हा नियम बदलायला हवा असं माझं मत आहे.

मेधा_पनवेल

सून आणि वहिनी यादीत नाहीत हे मला माहीतच नव्हतं. यावर खरंच कोणीतरी अर्ज करायला हवा.

कुडाळचा_नितीन

अण्णा, माझं चुकलं. ‘घेऊन टाका’ असं लिहायला नको होतं. मामा सोबत होता हा फरक मी धरलाच नव्हता.

पण मग ओळखीच्या दुकानातून तिकीट काढतो तेही बेकायदा का? आमच्याकडचा एजंट माणशी 300 जास्त घेतो.

अण्णा_निवृत्त_टीसी

अधिकृत एजंटाकडून, तुमच्याच नावावर, नव्याने काढलेलं तिकीट कायदेशीर. त्याच्या प्रिंटवर एजन्सीचं नाव छापलेलं असतं. स्लीपरसाठी एका तिकिटामागे 20 आणि एसीसाठी 40 एवढंच सेवाशुल्क त्याला घेता येतं. माणशी 300 घेतो आणि प्रिंटवर एजन्सीचं नाव नाही, तर तो कोणाच्या तरी खाजगी खात्यावरून काढतोय. अशी खाती रेल्वे बंद करते, आणि तिकीट रद्द झालं किंवा गाडी रद्द झाली तर परतावा त्या खात्यात जातो, तुमच्याकडे नाही. याची तक्रार 139 वर करता येते.

स्नेहल_डोंबिवली

कळवायचं राहिलं होतं, माफ करा.

मी पैसे पाठवले नाहीत. मेधाताईंनी सांगितलं तसं त्या चौघांपैकी एका काकांना फोन केला. ते म्हणाले, या नावाचं आमच्या वाडीत कोणी नाही, देवळाचे फोटो आमच्याच ग्रुपमधले आहेत. 6 वाजता त्याला ‘नको’ कळवलं. त्याने 900 वर आणलं, मग 700. मग ब्लॉक.

पीएनआर मात्र मी रोज बघत होते. चौथ्या दिवशी तिन्ही बर्थपुढे CAN/MOD. बराच वेळ ती अक्षरं बघत बसले. बाबांना दाखवलं, ते म्हणाले, ‘म्हणजे कोणीतरी पैसे दिले.’ मला तोवर हे सुचलंच नव्हतं. ग्रुपच्या अॅडमिनना सगळे स्क्रीनशॉट पाठवलेत, त्यांनी पोस्ट काढली आणि ज्यांनी पैसे दिलेत त्यांनी 1930 ला लगेच फोन करावा असं लिहिलंय. दोघांनी तिथे उत्तर दिलं. एक ताई लोअर परळच्या, दोन लहान मुलं घेऊन जाणार होत्या.

आमचं जाणं ठरलंय. खात्याला आधार जोडून घेतलं, सुरुवातीच्या वेळात ऑनलाइन बुकिंगला ते लागतंच, हे मला आधी माहीत नव्हतं. गणपती स्पेशलचं बुकिंग उघडलं तेव्हा तिघांना मिळालं. एक खालचा, दोन वरचे. तारीख तीनदा वाचली.

संदीप_पाटील_78

सगळा धागा वाचला, तरी माझा प्रश्न यात बसत नाही. मला एकाने संपर्क केलाय, त्याच्याकडे ‘संदीप पाटील, पुरुष, 40’ या नावाचंच तिकीट आहे म्हणतो, एकट्याचं. माझं नाव तेच, वय 47. नाव बदलायचाच प्रश्न नाही. माझंच ओळखपत्र खरं आहे. हे चालेल का?

अण्णा_निवृत्त_टीसी

संदीपराव, चाळीस आणि सत्तेचाळीस हा फरक मशीनवर दिसतो. एखादा टीसी वयाकडे दुर्लक्ष करेल, एखादा विचारेल. मी विचारलं असतं. तिकीट तुमच्यासाठी काढलेलं नाही, म्हणजे कलम 142 तिथेही आहेच, नाव जुळलं म्हणून ते तुमचं होत नाही.

पण त्याआधी हे बघा: पाटील, सावंत, परब, जाधव अशा सर्रास आढळणाऱ्या नावांनी तिकिटं काढून ठेवायची आणि मग त्या नावाचं गिऱ्हाईक शोधायचं ही दलालांची जुनी रीत आहे. तुमचं नाव त्याला कुठून मिळालं? आणि तिकीट रद्द करायची चावी अजून त्याच्याच खात्यात आहे, ती पैसे दिल्यावरही तिथेच राहणार.

संदीप_पाटील_78

नाव कुठून मिळालं ते आठवलं. मीच ग्रुपवर ‘रत्नागिरीचं एक तिकीट हवंय’ म्हणून नाव-नंबरासकट टाकलं होतं. पोस्ट आत्ता काढतोय. त्याला पीएनआर मागितलाय, अजून दिलेला नाही.